फोटोवरून सराव चाचणी बनवताना या चुका टाळा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी मी दर आठवड्याला पुस्तकातल्या सराव पेपरचे फोटो काढून मोबाइलवर सोडवता येईल अशी प्रश्नमंजूषा बनवतो. फोटो गूगल ड्राइव्हवर चढवायचा, `Open with > Google Docs` करून मजकूर काढायचा, तपासून गूगल फॉर्म्समध्ये भरायचा. काम तासाभराचं. पण घाई केली की मुलांच्या डोक्यात चुकीचं उत्तर बसतं, आणि ते काढायला महिना लागतो.

सगळ्यात महागात पडते ती प्रश्नक्रमांकांची चूक. एकदा 25 प्रश्नांच्या पेपरमध्ये डाव्या रकान्यातला शेवटचा, तेरावा प्रश्न फोटोत कापला गेला. डॉक्समध्ये मी आपोआप क्रमांक देणारी यादी लावली होती. तिने चौदाव्याला 13 म्हटलं, पंधराव्याला 14, आणि मधली फट दिसेनाशीच झाली. उत्तरतालिका मात्र पुस्तकाची होती. म्हणजे तेराव्यापासून पुढे प्रत्येक प्रश्नाला आधीच्याच प्रश्नाचं उत्तर चिकटलं. काही उत्तरं योगायोगाने जुळली, म्हणून लगेच लक्षातही आलं नाही. शेवटी फॉर्म्सच्या `Responses` मध्ये वारंवार चुकलेल्या प्रश्नांची यादी पाहिली. पहिल्या बारांतला एकही प्रश्न तिथे नव्हता, सगळे नंतरचे. हुशार मुलंही एकाच जागेपासून चुकायला लागली, तर दोष मुलांचा नसतो, तालिका सरकलेली असते.

तेव्हापासून छापील क्रमांक मी शेवटपर्यंत हलवत नाही. आपोआप क्रमांक बंद ठेवतो. तालिका जोडल्यावर सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन प्रश्न स्वतः सोडवून बघतो. त्यासाठी गणिताचेच प्रश्न निवडा, कारण त्यांच्या उत्तरात मतभेदाला जागा नसते. शेवटचा जुळला नाही तर मागे मागे या, सरकण्याची जागा सापडते.

दोन रकान्यांच्या पानाचा एकच फोटो देऊ नका. कधी कधी ओळी आडव्या वाचल्या जातात आणि चौथ्या प्रश्नाचे पर्याय सतराव्याच्या मजकुरात घुसतात. प्रत्येक रकाना वेगळा कापून घ्या. पुस्तक पूर्ण उघडून सपाट दाबा, नाहीतर शिवणीजवळची अक्षरं वाकून काना-मात्रा गळतात. देवनागरी १ चा 9 होणं तर रोजचंच. पर्याय १, २, ३, ४ ऐवजी 9, २, ३, ४ दिसला तर लगेच कळतं, पण ‘१८ मजूर’चे ‘९८ मजूर’ झाले तर वाक्य सरळच वाटतं.

अपूर्णांक आणि घात तर हातानेच टाइप करा. एका पेपरात प्रश्न होता: 3½ किलो साखरेला 147 रुपये पडतात, तर 1 किलोला किती? उत्तर 42 रुपये. निघालेल्या मजकुरात 3½ चं `31/2` झालं होतं, म्हणजे साडेपंधरा किलो. त्या हिशोबाने किलोला साडेनऊ रुपयेही येत नाहीत आणि असा पर्यायच नाही. सोडवल्यावर उत्तर चारही पर्यायांत सापडत नसेल, तर पुस्तकाला दोष देण्याआधी मूळ फोटो उघडा. `2³` चं `23` होतं, तेही असंच पकडता येतं.

व्याकरणात गोची होते ती अधोरेखनाची. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यातल्या अधोरेखित शब्दाची विभक्ती ओळखा, असा प्रश्न असतो. मजकूर काढताना रेघ जाते. आता ‘रामाने’ धरलं तर तृतीया, ‘आंबा’ धरलं तर प्रथमा, आणि दोन्ही पर्यायांत आहेत. मी प्रश्नच बदलतो: ‘आंबा’ या शब्दाची विभक्ती ओळखा. रेघेवर विसंबायलाच नको.

स्पष्टीकरणात ‘पर्याय २ बरोबर’ असं कधी लिहू नका. फॉर्म्समध्ये `Shuffle option order` चालू असेल तर प्रत्येकाच्या पडद्यावर दुसरा पर्याय वेगळा असतो. ‘वरीलपैकी सर्व’ किंवा ‘१ व ३ दोन्ही’ असे पर्याय असलेल्या प्रश्नांना ही सोय बंदच ठेवा. उत्तर शब्दांत लिहा आणि कारण दोन ओळींत द्या: ‘147 ला 3.5 ने भागल्यास 42.’ चुकलेल्या मुलासाठी आणखी एक ओळ मी आवर्जून घालतो, तो बहुतेक कुठे घसरला असेल याची. साखरेच्या प्रश्नात 49 हा पर्याय मुद्दाम दिलेला होता. अर्धा किलो विसरून 147 ला 3 ने भागलं की तोच येतो. ‘तुम्हाला 49 आलं असेल तर अर्धा किलो राहिला’ एवढं लिहिलं की मुलाला आपली चूक स्वतःच दिसते.

छापील तालिकेतही चूक असू शकते. आपलं उत्तर वेगळं येत असेल तर दोनदा सोडवा, दुसऱ्या शिक्षकांना दाखवा, आणि तोवर तो प्रश्न चाचणीतून बाजूला ठेवा.