सेकंडहँड फोन घेताना चॅट वाचायच्या या चुका टाळा

‘त्याने सांगितलं होतं डिस्प्ले ओरिजिनल आहे, आता पलटला’ असं म्हणत कोणी आलं की मी आधी चॅट मागतो, आणि दहातल्या सात वेळा त्या चॅटमध्ये तसं वाक्यच नसतं. विकणारा फार साधुसंत असतो असं नाही, पण आपण स्वतः टाइप केलेलं त्याच्या तोंडी घालतो, ही सगळ्यात मोठी चूक.

माझ्या मेहुण्याचंच घ्या. आयफोन 12 घेत होता, भाव चांगला मिळतोय म्हणून साहेबांना घाई. त्याने एकाच मेसेजमध्ये तीन प्रश्न टाकले: ‘डिस्प्ले चेंज केलेला नाही ना? बॅटरी किती आहे? बिल बॉक्स आहे का?’ समोरून तीन ओळी आल्या. ‘हो’. ‘बॅटरी 86 टक्के’. ‘बॉक्स आहे दादा, एकदम मक्खन पीस’. झालं, दुसऱ्या दिवशी पैसे देऊन फोन घरी. आठवड्याने मी सहज Settings > General > About उघडलं तर Parts and Service History मध्ये डिस्प्लेसमोर Unknown Part. म्हणजे बदललेला, आणि तोही कंपनीचा अस्सल म्हणून फोनला ओळखता न आलेला. मेहुणा लगेच, ‘दाजी, तो हो म्हणाला होता!’

म्हणाला होताच की. पण ‘नाही ना?’ला दिलेलं ‘हो’ म्हणजे काय? ‘हो, नाही बदललेला’ की ‘हो, बदललाय’? मराठीत दोन्ही चालतं. विकणाऱ्याला फोन लावला तर तो शांतपणे म्हणाला, ‘मी हो म्हटलं होतं ना, बदललाय म्हणून.’ खोटं बोलत होता का? मला वाटतं होय. पण ते चॅटवरून सिद्ध होत नाही, विषय संपला. आणि गंमत म्हणजे बिलाबद्दल त्याने एक अक्षरही लिहिलं नव्हतं, ‘बॉक्स आहे’ एवढंच. मेहुण्याच्या डोक्यात मात्र ‘बिल बॉक्स दोन्ही आहे’ असं बसलेलं, कारण प्रश्न त्याचाच होता. त्या चॅटमध्ये बॉक्स सोडला तर खरा दावा एकच होता, बॅटरी 86, आणि Settings मध्येच Battery खाली बॅटरी हेल्थ बघितली असती तर तोही मिनिटात तपासता आला असता.

मी चॅट कसं वाचतो ते सांगतो, शास्त्र वगैरे काही नाही, सवय आहे. आधी माझे सगळे मेसेज बोटाने झाकल्यासारखे सोडून फक्त समोरच्याचे वाचतो. त्यातलं जे वाक्य एकटं उभं राहतं (‘बॅटरी 86 टक्के’) तो दावा. जे माझ्या प्रश्नाशिवाय अर्थहीन होतं (‘हो’, ‘ओके’, अंगठा) ते अर्धवट, आणि त्यासाठी नवीन, सरळ प्रश्न टाकतो: ‘डिस्प्ले कंपनीचा आहे की बदललाय?’ एका मेसेजला एकच प्रश्न, आणि ‘ना?’ अजिबात नाही. जिथे तो गप्प आहे तिथे ‘काही सांगितलं नाही’ असंच लिहून ठेवतो, ‘ठीक असेल’ असं नाही.

‘मक्खन’, ‘टकाटक’, ‘घरचा पीस’ हे दावे नाहीत, सोडून द्या.

‘मी तरी उघडला नाही’ याचा अर्थ ‘उघडलेला नाही’ असा होत नाही, त्याच्या आधीच्या मालकाने उघडला असू शकतो. ‘माझ्या माहितीप्रमाणे’चंही तेच.

मेसेजवर Edited दिसलं तर आधीचं काय होतं ते आपल्याला कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून साधारण पंधरा मिनिटं बदलता येतं, म्हणून महत्त्वाचं उत्तर आलं की मी लगेच स्क्रीनशॉट काढतो, आणि त्यात वर माझा प्रश्नही दिसला पाहिजे. फक्त उत्तराचा स्क्रीनशॉट काढणाऱ्यांना काय म्हणावं कळत नाही.

व्हॉइस नोट असेल तर ऐकून आपल्या शब्दांत लिहून परत पाठवतो, ‘तुम्ही म्हणालात की…, बरोबर?’ त्यावर त्याने पूर्ण वाक्य लिहिलं तरच धरतो.

गाडीवाले म्हणतील आमचं वेगळं, पण तिथेही हेच चालतं. ‘इन्शुरन्स चालू आहे’ हे वाक्य एकदम खरं असू शकतं आणि तरी गाडी पडली तर आपल्याला छदाम मिळत नाही, कारण सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तोच चालू असतो आणि स्वतःच्या नुकसानीचा कधीच संपलेला असतो. म्हणून मी ‘चालू आहे का’ विचारत नाही, पॉलिसीचा फोटो मागतो. फोटो आला नाही तर माझ्या कागदावर त्या ओळीपुढे ‘सांगितलं नाही’.

मेहुण्याचं शेवटी काय झालं? पैसे परत मिळाले नाहीत, फोन अजून तोच वापरतोय.