काजूची पेस्ट रवाळ का होते? भिजवण्यापासून कढईपर्यंत या चुका टाळा

दूध, साय, दही यांतलं काहीही न घालता ग्रेव्हीला मलईदारपणा आणायचा असेल तर काजू बहुतेकांना आधी आठवतो. तरीही काही वेळा पेस्ट वाळूसारखी लागते, ग्रेव्ही शिजता शिजता गोळा होते किंवा कढईच्या तळाला धरते. दोष बहुतेक वेळा काजूत नसतो. काजूने किती पाणी पिलं, वाटताना किती पाणी घातलं आणि कढईखालची आच किती होती, या तीन ठिकाणी गडबड झालेली असते.

आधी काजूत काय आहे ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. काजूच्या वजनाचा जवळपास ४५ टक्के भाग स्निग्धांश असतो आणि त्यामुळेच पेस्टला मलईसारखी चव येते. शिवाय बदाम किंवा अक्रोडाच्या मानाने काजूत स्टार्च बराच जास्त असतो. हा स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि मिश्रण दाट करतो. म्हणून काजूच्या ग्रेव्हीला मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लागत नाही, आणि म्हणूनच ती अंदाजापेक्षा जास्त घट्टही होते.

चूक पहिली: घड्याळ बघून भिजवणं, काजू न बघता

साध्या पाण्यात ४ ते ६ तास किंवा उकळत्या पाण्यात अर्धा तास, हा हिशेब ठीक आहे. पण उकळतं पाणी काजू जेमतेम बुडतील एवढंच ओतलं आणि भांडं उघडं ठेवलं तर दहा मिनिटांत ते कोमट होतं. मग अर्धा तास झाला तरी आतला गाभा कोरडाच राहतो. काजूच्या चार-पाचपट पाणी घ्या, ते खळखळतं असू द्या आणि वरून घट्ट झाकण ठेवा.

भिजला की नाही ते पाहायला एक काजू काढून त्याच्या दोन पाकळ्या वेगळ्या करा आणि एक पाकळी आडवी मोडा. कडेचा भाग ओलसर आणि मध्ये पांढरी, कोरडी रेघ दिसली तर अजून वेळ आहे. नीट भिजलेली पाकळी अंगठ्याने दाबली की सहज चुरडते आणि दाताखाली ‘कट’ असा आवाज येत नाही. भिजलेल्या काजूचं वजन साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढतं, म्हणजे ६० ग्रॅमचे ८० ग्रॅमच्या आसपास होतात.

घाई असेल तर काजू १०-१५ मिनिटं उकळून घेता येतात. फक्त हे लक्षात ठेवा की उकळताना स्टार्च आधीच फुगतो, त्यामुळे अशा काजूची पेस्ट जास्त चिकट होते आणि तिला थोडं जास्त पाणी लागतं. गरम ग्रेव्हीत हा फरक फारसा कळत नाही. पण न शिजवता वापरायच्या गार सॉससाठी तो उपयोगी पडतो. साध्या पाण्यात भिजवलेल्या काजूचा गार सॉस पातळ वाटतो, कारण त्यातला स्टार्च फुगलेलाच नसतो. उकळलेले काजू वापरले तर तेवढ्याच काजूत सॉस दाटसर होतो.

भिजवताना सोडा घालायची गरज नाही. कडधान्याला असतं तसं टरफल सोललेल्या काजूला नसतं, आणि सोड्याची चव मात्र मागे राहते. भिजवलेलं पाणी गढूळ झालेलं असतं, ते टाकून द्या, काजू एकदा धुऊन घ्या आणि वाटायला ताजं पाणी वापरा. रात्रभर भिजवायचे असतील तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा. उकाड्यात ओट्यावर राहिलेले काजू सकाळपर्यंत बुळबुळीत आणि आंबूस झालेले असू शकतात. ते वापरू नका.

आणि भिजवायच्या आधी एक काजू चावून बघाच. खवट काजूचा वास कितीही भिजवला, कितीही मसाला घातला तरी जात नाही. खारवलेले किंवा भाजलेले काजूही या कामाचे नाहीत. भाजलेले पाणी कमी पितात आणि पेस्टचा पांढरा रंग घालवतात. तुकडा काजू मात्र खुशाल घ्या, वाटल्यावर अख्ख्या काजूशी त्याचा काही फरक राहत नाही.

चूक दुसरी: सगळं पाणी एकदम ओतून मिक्सर फिरवणं

रवाळपणाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि नेमकं याच ठिकाणी लोक दोष काजूला देतात. पाणी जास्त असलं की काजूचे तुकडे पात्यांभोवती नुसते पोहत राहतात, एकमेकांवर घासले जात नाहीत. वरून पाहिलं तर दुधासारखं पांढरं पाणी दिसतं आणि काम झालं असं वाटतं, पण खाली रवा तसाच असतो. तो पुढे कितीही वेळ फिरवला तरी बारीक होत नाही.

म्हणून आधी घट्ट वाटायचं आणि मग सैल करायचं. चौघांच्या भाजीचं प्रमाण धरून पाहू. ६० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे साधारण ४० अख्खे काजू भिजवून निथळून घ्या. मिक्सरच्या छोट्या, चटणीच्या भांड्यात घाला, कारण मोठ्या भांड्यात एवढासा ऐवज कडेला उडतो आणि पात्यांना लागतच नाही. आधी फक्त ३ मोठे चमचे पाणी घाला आणि ३० सेकंद फिरवा. झाकण उघडून कडेचं सगळं चमच्याने खाली ओढा आणि पुन्हा फिरवा. असं तीन-चार वेळा केलं की लोण्यासारखा घट्ट, चकचकीत गोळा दिसू लागतो. या टप्प्याला घाई करू नका, गुळगुळीतपणा इथेच ठरतो. त्यानंतर आणखी ४-५ मोठे चमचे पाणी दोन वेळा विभागून घाला आणि शेवटचं एक मिनिट फिरवा.

पात्यं अडकून नुसतीच घरघर करत असतील तर एक चमचा पाणी वाढवा, जास्त नको. मिक्सरचं भांडं हाताला गरम लागलं तर दोन मिनिटं थांबा. उकळत्या पाण्यातून काढलेले काजू तसेच गरम वाटायला घेऊ नका. बंद भांड्यात वाफ कोंडते आणि झाकण उडून पेस्ट अंगावर येऊ शकते. आधी गार पाण्याने धुऊन घ्या.

पेस्ट झाली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. थेंबभर पेस्ट अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन घासा. बोटं साबण लावल्यासारखी सरकली तर झाली. काहीही टोचलं, अगदी बारीक रव्याइतकं, तर ते जिभेला नक्की जाणवणार.

रवाळ राहिलीच तर दोन उपाय आहेत. पेस्ट अजून घट्ट असेल तर दोन चमचे गरम पाणी घालून १५ मिनिटं झाकून ठेवा आणि पुन्हा वाटा. या वेळात कोरडे राहिलेले कण पाणी ओढून मऊ होतात. आधीच पातळ झाली असेल तर मूठभर भिजवलेले काजू आणखी घालून ती घट्ट करा आणि मग वाटा. कापडातून गाळणं हा शेवटचा उपाय, कारण दाटपणा देणारा बराच ऐवज कापडातच राहतो.

चूक तिसरी: पेस्ट मोठ्या आचेवर घालून पाठ फिरवणं

वरच्या पेस्टला सुमारे ४०० मिली कांदा-टोमॅटोचं तयार वाटण पुरतं. ते आधी परतून टोमॅटोचा कच्चा वास गेला पाहिजे आणि कडेने तेल सुटलं पाहिजे. अर्धकच्च्या, आंबट टोमॅटोत पेस्ट घालून खळखळून उकळली तर काजूतली प्रथिनं आखडून बारीक कण दिसू लागतात आणि ग्रेव्ही फाटल्यासारखी वाटते.

तेल सुटलेल्या मसाल्यात थेट पेस्ट ओतली तर ती तापलेल्या तळाला चिकटते. आधी आच मंद करून मसाल्यात अर्धी वाटी गरम पाणी घाला. मग पेस्टमध्ये दोन चमचे गरम ग्रेव्ही मिसळून ती सैल करा, कढईत घाला आणि उलथन्याने तळ खरवडत सतत ढवळा. दोन-तीन मिनिटांत ग्रेव्ही एकाएकी दाट होऊ लागते. स्टार्च फुगल्याची ती खूण आहे. आता जाड बुडबुडे फुटून बाहेर उडतात, म्हणून झाकण तिरकं ठेवा. काजूची कच्ची, पिठूळ चव जायला मंद आचेवर एकूण ६ ते ८ मिनिटं पुरतात.

गॅस बंद करताना ग्रेव्ही हवी त्याहून थोडी पातळ, पळीवाढी असू द्या. गार होताना ती आणखी घट्ट होते. वाढायच्या वेळी गोळा झालीच तर एकेक पळी गरम पाणी घालून ढवळा. गार पाण्याने चव पातळ होते आणि ती एकजीवही लवकर होत नाही. ग्रेव्ही सतत फार घट्ट होत असेल तर मसाल्याला दोष न देता पुढच्या वेळी ६० ऐवजी ४५ ग्रॅम काजू घ्या.

तळाला लागल्याचा वास आला तर खरवडू नका. वरची ग्रेव्ही अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि उलथनं बदला. रवाळपणा ग्रेव्हीत गेल्यावर लक्षात आला तर ती कोमट होऊ द्या, फोडी बाजूला काढा आणि नुसता रस मिक्सरमधून फिरवा. लिंबू किंवा व्हिनेगर घालायचं असेल तर गॅस बंद केल्यावर, सगळ्यात शेवटी.

उरलेल्या पेस्टचं

फ्रिजमध्ये ती घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस चांगली राहते. आंबूस वास आला किंवा वर बुडबुडे दिसले तर टाकून द्या. जास्त दिवस ठेवायची असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि वड्या पिशवीत भरून महिनाभरात वापरा. वितळल्यावर पाणी वेगळं झालेलं दिसतं, म्हणजे ती बिघडली असं नाही. एक चमचा गरम पाणी घालून मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवली की पुन्हा एकजीव होते. डब्यावर नाव आणि तारीख लिहा. दूध चालत नाही म्हणून ही पेस्ट खाणाऱ्या घरात एखाद्याला काजूचीच ॲलर्जी असू शकते, आणि गोठलेली पांढरी वडी पाहून ती कशाची आहे हे कोणालाच ओळखता येत नाही.