कोचिंग क्लासच्या अर्जात ‘अवघड ते सोपं करून शिकवतो’ लिहिताय? या चुका टाळा

कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या बॅचेस सुरू व्हायच्या आधी शिक्षकपदासाठी आलेले अर्ज मी वाचतो. जवळपास प्रत्येकात एक वाक्य असतंच: ‘अवघड संकल्पना सोप्या करून शिकवण्याची हातोटी.’ त्यावरून माणूस कसा शिकवतो हे काही कळत नाही. त्यापेक्षा एक अवघड गोष्ट प्रत्यक्ष समजावून सांगणारं एक पान अर्जाला जोडा. मात्र ते पान लिहितानाही काही चुका पुन्हा पुन्हा होतात. भौतिकशास्त्रातलं एक उदाहरण घेऊन सांगतो.

पहिली चूक विषय निवडतानाच होते. ‘करंट इलेक्ट्रिसिटी’ हा अख्खा धडा एका पानात कोंबला की व्याख्या आणि सूत्रंच उरतात, आणि ती गाइडमध्येही असतात. मुलं जिथे हमखास अडतात असा एकच प्रश्न घ्या. समजा, 60 वॅट आणि 100 वॅटचे जुने फिलामेंटचे बल्ब 230 व्होल्टवर सिरीजमध्ये जोडले, तर जास्त उजेड कुणाचा? मुलं पटकन 100 म्हणतात. बरोबर उत्तर 60 आहे.

सगळ्यात मोठी चूक यापुढची. अर्जदार लिहितो, ‘सिरीजमध्ये करंट सारखा, म्हणून P = I²R वापरा; 60 वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स जास्त, म्हणून पॉवर जास्त.’ यात चुकीचं काहीच नाही, पण मुलाची अडचण पानावर कुठेच दिसत नाही. त्याने P = V²/R सुद्धा पाठ केलंय, आणि त्यात रेझिस्टन्स वाढला की पॉवर कमी होते. मग दोन्ही सूत्रं एकाच वेळी खरी कशी? हे तो विचारत नाही. ‘सिरीजमध्ये उलटं’ एवढं घोकतो आणि सीईटीत प्रश्न जरा फिरवला की फसतो. तुमचं पान या अडचणीपासून सुरू व्हायला हवं.

मी ते असं लिहीन. बल्बवर 100 वॅट छापलंय, म्हणजे 230 व्होल्ट मिळाले तर तो 100 वॅट घेईल. सिरीजमध्ये हे 230 व्होल्ट दोघांत वाटले जातात, त्यामुळे छापील वॅट इथे लागू होत नाहीत. बल्बचा रेझिस्टन्स मात्र तोच राहतो असं धरू. 60 वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स 230 × 230 ÷ 60, म्हणजे सुमारे 882 ओहम. 100 वॅटच्या बल्बचा 529. बेरीज 1411 ओहम, म्हणून करंट सुमारे 0.163 अँपिअर, दोघांतून तोच. I²R काढलं तर 60 वॅटचा बल्ब सुमारे 23 वॅट घेतो आणि 100 वॅटचा 14.

आता V²/R लावून बघू. 882 ओहमच्या बल्बवर सुमारे 144 व्होल्ट येतात, दुसऱ्यावर 86. 144 × 144 ÷ 882 केलं तरी 23च्या आसपासच उत्तर येतं. म्हणजे सूत्रांचं भांडण नाहीच. ‘रेझिस्टन्स जास्त तर पॉवर कमी’ हे दोघांना सारखे व्होल्ट मिळत असतील तरच खरं, आणि इथे ते सारखे नाहीत. हे वाक्य पानावर ठळक दिसलं पाहिजे.

आपण काय गृहीत धरलं ते लपवू नका. मंद जळणारं फिलामेंट कमी तापतं आणि त्याचा रेझिस्टन्स उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे वेगळे येतील. उजेड जास्त 60 चाच राहील. एलईडी बल्बला हे गणित लागू नाही, त्यात आत वेगळं सर्किट असतं. घरच्या वीजजोडणीवर हा प्रयोग करायचा नाही, हेही लिहा.

शेवटी ‘समजलं का?’ असं विचारलेलं पान कच्चं. त्याला सगळी मुलं ‘हो सर’च म्हणतात. त्याऐवजी नवा प्रश्न ठेवा: हीटरची कॉइल मधोमध कापून अर्धीच त्याच 230 व्होल्टवर लावली, तर उष्णता वाढेल की कमी होईल? ‘तार कमी, म्हणून उष्णता कमी’ असं उत्तर आलं तर समजूत अजून झालेली नाही. व्होल्ट तेच, रेझिस्टन्स निम्मा, म्हणून उष्णता दुप्पट दराने निर्माण होते. मुलं कोणतं चुकीचं उत्तर देतील आणि का, हे तुम्ही आधीच लिहिलंत की वाचणाऱ्याला तुमची वर्गाची ओळख दिसते.

पान पाठवण्याआधी अकरावीच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला द्या आणि स्वतः गप्प बसा. ‘मग V²/R कधी वापरायचं?’ असं विचारलं, तर तुलनेचा भाग तोकडा पडलाय. ‘सिरीज’पाशीच अडखळलं, तर तिथे एकदा ‘एकसर जोडणी’ लिहा; राधानगरी, गडहिंग्लजकडून मराठी माध्यमातून आलेल्यांना शाळेपासून तोच शब्द माहीत असतो. हीटरचं उत्तर बरोबर आलं पण कारण सांगता आलं नाही, तर व्होल्ट कसे वाटले जातात तो परिच्छेद पुन्हा लिहा आणि पान दुसऱ्या मुलाला द्या, कारण पहिल्याला उत्तर आता माहीत झालंय.