गणपतीच्या घाईत वेताच्या खुर्च्या बिघडवू नका: या चुका टाळा

श्रावण संपत आला की ओळखीतून एक तरी फोन येतोच: "खुर्च्या बुरसटल्यात, गणपतीला पाहुणे यायचेत, कुठलं वॉर्निश मारू?" कुठलंच नाही. निदान आत्ता तरी नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या घरातल्या चार वेताच्या खुर्च्यांवर पांढरी-हिरवट भुरी धरली होती. मी ओल्या फडक्याने पुसल्या, पंख्याखाली एक रात्र ठेवल्या, हात लावून पाहिला तर कोरड्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी वॉर्निशचे दोन हात. चतुर्थीला अशा चकाकत होत्या की विचारू नका. दसऱ्यापर्यंत वॉर्निशखाली दुधाळ डाग पडले आणि मग विणीच्या फटींतून काळे ठिपके वर आले. पृष्ठभाग कोरडा झाला होता, पण वेत आतून ओलाच होता. वरून झाकण बसल्यावर ती ओल जाणार कुठे? आतली बुरशीही तिथेच राहिली. दांड्यांवरचं वॉर्निश काचकागदाने निघालं, पण विणीतलं निघेना. शेवटी दोन बैठका नव्याने विणून घ्याव्या लागल्या.

तेव्हापासून मी हातावर विश्वास ठेवत नाही. प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा असतो ना, त्याला खुर्ची टांगून रोज संध्याकाळी वजन लिहून ठेवतो. मागच्या ऑक्टोबरात एक खुर्ची 4.250 किलोवरून पाच दिवसांत 4.020 वर आली आणि पुढचे दोन दिवस तिथेच थांबली. वजन उतरायचं थांबलं की मगच वॉर्निशचा डबा उघडायचा. भर पावसात वजन एका आकड्यावर थांबलं तर फसू नका, हवाच ओली असते तेव्हा खुर्ची त्याहून कोरडी कशी होणार? म्हणून गणपतीपुरतं नुसतं पुसून घ्या, पॉलिशचं काम ऑक्टोबरच्या उन्हाळ्यावर सोडा. पाहुणे मोदकांसाठी येतात.

दुसरी चूक म्हणजे बुरशी आणि डाग एकच समजणं. बुरशी वर बसते, डाग आत मुरलेला असतो. मी एका भांड्यात निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घेतो, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळतो आणि काळ्या ठिपक्यावर दहा मिनिटं ठेवून पुसतो. फडकं काळं झालं आणि ठिपका फिका पडला तर ती वरची बुरशी. अख्खी खुर्ची तशीच पुसायची, विणीत जुना टूथब्रश फिरवायचा, शेवटी साध्या ओलसर फडक्याने एकदा पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवायची. फडकं स्वच्छ आलं आणि ठिपका जसाच्या तसा असेल, तर बुरशीचा रंग तंतूत उतरलाय. तो पूर्ण जात नाही. इथेच लोक हट्टाला पेटतात आणि तारेच्या घासणीने वेताची वरची चकचकीत साल खरवडून काढतात. ती सालच तर पाणी अडवते! ती गेली की पुढच्या पावसात तिथेच आधी बुरशी धरते. बांबूचंही तेच. बाहेरची गुळगुळीत बाजू टिकते, फोडलेली आतली बाजू आधी काळी पडते.

ब्लीचने डाग फिका होतो हे खरं, पण वेत पिवळट पडतो आणि तंतू ठिसूळ होतात. मी वापरत नाही. वापरायचंच असेल तर व्हिनेगर त्याच्या आसपासही नको, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. त्यापेक्षा डाग राहू द्या, किंवा खुर्ची पूर्ण सुकल्यावर गडद रंगाचं पॉलिश करून लपवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. कोरडी भुरी घरात झटकू नका, अंगणात न्या आणि नाकाला रुमाल बांधा. नळीने धुऊ नका, सांध्यांत पाणी शिरतं. ओल्या विणीवर बसलात तर ती झोळ खाते. लवकर सुकावी म्हणून दिवसभर कडक उन्हात टाकू नका, बांबू तडकतो. सकाळचं कोवळं ऊन पुरे. खोबरेल तेल चोळायचा सल्ला आत्याबाईंनी दिला तरी नको, चिकटपणावर धूळ बसते आणि धुळीवर बुरशी पोसते.

आणि खुर्ची एकदा उलटी करून बघा. बैठकीच्या खालची वीण पुसायची बहुतेकांची राहतेच. तिथे बुरशीऐवजी बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर तो भुंगेरा आहे. त्याला व्हिनेगरने काही होत नाही, ती खुर्ची आधी बाकीच्यांपासून लांब ठेवा.