स्वयंसेवक एडिटरला ब्रीफ देण्याआधी

स्वयंसेवक एडिटर बहुधा रात्री 10 नंतर टाइमलाइन उघडतो. दिवसभराची नोकरी झालेली असते आणि अडलं तर विचारायला आपण जागे नसतो. त्यामुळे त्या वेळी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं ब्रीफमध्येच सापडायला हवीत. पानं दोनच, तिसरं कोणी वाचत नाही. ही तयारी एका व्हिडिओच्या निमित्ताने लिहीत आहे: घरातला छळ सोसून बाहेर पडलेल्या एका बाईंची मुलाखत, हेल्पलाइनसाठी, उभ्या फ्रेममध्ये, 60 सेकंदांची. मूळ फुटेज 22 मिनिटांचं. ओळख लपवण्याच्या अटीवरच त्या बोलल्या होत्या.

आधी एका वाक्यात लिहा की व्हिडिओ कोणी बघायचा आहे आणि बघून काय करायचं आहे. आमचं वाक्य होतं, "जी अजून त्या घरात आहे, तिने नंबर लक्षात ठेवावा." हे लिहिल्यावर अर्ध्या गोष्टी आपोआप ठरल्या. ती बाई हा व्हिडिओ बघताना छळणारा माणूस त्याच खोलीत असू शकतो. म्हणजे पहिल्या सेकंदाला दणदणीत संगीत नको, आवाज बंद असला तरी सबटायटलवरून सगळं कळायला हवं आणि थंबनेलवर 'नवऱ्याचा छळ' असं ठळक काही नको.

टोनसाठी 'संवेदनशील', 'प्रभावी' असली विशेषणं लिहू नका. त्यातून प्रत्येक एडिटर आपापला अर्थ काढतो आणि बहुतेकांच्या अर्थात व्हायोलिन असतं. त्याऐवजी दोन वाक्यं शेजारी ठेवा. "पाच वर्षं ती रोज मरत होती" हे नको. "मी तेव्हा पहिल्यांदा कागदपत्रं एका पिशवीत भरून ठेवली" हे हवं. एडिटिंगबद्दलही तसंच थेट सांगा: बाई थांबल्या की तो थांबा ठेवा, रडल्या तर तिथे झूम नको, संगीत असलंच तर एका वाद्याचं, बोलण्याच्या खाली आणि वापराचा परवाना असलेलं.

लांबीची मर्यादा नुसती '60 सेकंद' अशी लिहिली तर ती पाळली जात नाही. तिचा हिशोब मांडून द्या. शेवटची 5 सेकंदं नंबरच्या पाटीला. उरलेल्या 55 मधली 5 श्वासाला. राहिली 50, आणि सावकाश बोललेल्या मराठीत सेकंदाला दोन शब्द धरले तर साधारण 100 शब्द. हा आकडा कळला की एडिटर कापायला टाइमलाइनपासून नाही, कागदापासून सुरुवात करतो. आमच्याकडे आलेला पहिला कट 84 सेकंदांचा होता. जादा 24 सेकंदं बाईंच्या बोलण्यात नव्हतीच: 9 लोगोच्या ॲनिमेशनची, 11 रस्त्यावरच्या रहदारीच्या शॉट्सची, 4 संगीत विरत जाण्याची. तेव्हापासून ब्रीफमध्ये ओळ असते, "लोगो फक्त शेवटच्या पाटीवर, पहिलं वाक्य 2 सेकंदांच्या आत."

आता निषिद्ध दृश्यं. ब्रीफचा सगळ्यात मोठा भाग हाच असू द्या. याचे दोन गट करा, कारण दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिला गट ओळख फोडणाऱ्या दृश्यांचा. "चेहरा दिसू नये" एवढं पुरत नाही. आमच्या बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, चित्रीकरण नीट झालं होतं, आणि तरीही एका ठिकाणी खिडकीच्या काचेत त्यांचा चेहरा आला. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत तो 8 फ्रेम होता, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. चालत्या व्हिडिओत आम्हा कोणालाच दिसला नाही, पण थांबवून बघणाऱ्याला दिसला असता. म्हणून काय काय शोधायचं ते नावानिशी लिहा: काच, आरसा, स्टीलची भांडी, मोबाइलचा पडदा, हातावरचं गोंदण, नेहमीचं मंगळसूत्र किंवा अंगठी, भिंतीवरचा फोटो, औषधाच्या पाकिटावरचं नाव, खिडकीबाहेरची पाटी. घरच्या माणसाला ओळखायला चेहरा लागत नाही, बांगड्या पुरतात.

झाकायचं कसं तेही सांगा. हलका ब्लर किंवा बारीक चौकोनांचा मोझेक भरवशाचा नाही. माणूस हलला की ट्रॅकिंग दोन-चार फ्रेम सुटतं, आणि फिकट झाकलेल्यातून ओळखीच्या माणसाला अंदाज येतोच. शक्य तिथे तो भाग फ्रेमबाहेर क्रॉप करा, नाहीतर शॉटच बदला. आवाजाचंही तेच. पिच खाली-वर केलेला आवाज पुन्हा मूळपदावर आणता येतो, आणि बोलण्याची लकब तर तशीच राहते. आम्ही त्यांचे शब्द दुसऱ्या स्वयंसेविकेकडून वाचून घेतले आणि सुरुवातीला तसं लिहिलं. बोलण्याच्या ओघात मुलाचं नाव आलं होतं, ते सबटायटलमधून काढलं पण मूळ ऑडिओत राहून गेलं होतं. शब्द दुसरीकडून वाचून घेतले नसते तर ते नाव तसंच बाहेर गेलं असतं.

दुसरा गट बघणारीला दुखावणाऱ्या दृश्यांचा: उगारलेला हात, काळानिळा डोळा, कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घातलेली बाई, नाट्यरूपांतर. फुकट फुटेजच्या साइटवर नेमकी हीच पहिल्यांदा सापडतात, म्हणून नुसती मनाई करून भागत नाही, पर्याय द्या. आम्ही दिले होते: कुलपात फिरणारी किल्ली, हलणारा पडदा, फोन उचलणारा हेल्पलाइनच्या कार्यकर्तीचा हात. लुकलुकणारे कटही टाळा. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट काहींना फिट आणू शकतो.

तपासणीचे टप्पे क्रमाने आणि माणसांच्या नावासकट लिहा. आधी कागद: निवडलेले 100 शब्द, प्रत्येक वाक्यापुढे टाइमकोड. हे मंजूर झाल्याशिवाय कट सुरू नाही. मग रफ कट, ज्यावर फक्त क्रम आणि लांबीबद्दल बोलायचं. रंग बरा नाही वगैरे शेरे इथे आले की स्वयंसेवकाचे दोन दिवस फुकट जातात. सगळ्यांचे शेरे एकाच माणसाने गोळा करून, टाइमकोड घालून, 48 तासांत द्यायचे. फेऱ्या दोनच.

त्यानंतर सुरक्षेची तपासणी, आणि ती फुटेज आधी न पाहिलेल्या माणसाने करायची. एकदा आवाज बंद करून फोनवर, एकदा डोळे मिटून फक्त ऐकत, एकदा एकेक फ्रेम पुढे ढकलत. 60 सेकंदांचे 1500 फ्रेम होतात, अर्धा-पाऊण तास लागतो, तो द्या. शेवटी बाईंना स्वतःला दाखवा, आणि त्या नको म्हणाल्या तर कारण विचारू नका, काम तिथेच थांबतं.

यानंतर कुठलाही बदल झाला, अगदी थंबनेलचा, तरी सुरक्षेची तपासणी पुन्हा. आमच्या एडिटरने मंजुरीनंतर 'जरा उजळ दिसावं' म्हणून थंबनेल बदललं आणि निवडली ती नेमकी काचेच्या शॉटची मूळ फ्रेम, प्रोजेक्टमध्ये पडून राहिलेली.

म्हणून ब्रीफची शेवटची ओळ फाइल पुसण्याबद्दल. व्हिडिओ प्रकाशित झाल्यावर 7 दिवसांत मूळ क्लिप, प्रॉक्सी, ऑटोसेव्ह, रेंडर कॅश आणि मेसेजमधून पाठवलेले तुकडे लॅपटॉप-फोनवरून काढायचे, रिसायकल बिनही रिकामी करायची आणि तारीख घालून "काढलं" एवढा एक मेसेज टाकायचा. तो आला नाही तर आठव्या दिवशी फोन कोणी करायचा, त्याचं नावही तिथेच लिहा.