उण्णियप्पम चपटं, तेलकट किंवा चिकट होतंय? पीठ कशामुळे पातळ झालं ते आधी ओळखा

उण्णियप्पम म्हणजे केरळचं छोटं गोड अप्पम. कोट्टारक्कराच्या गणपतीला नैवेद्य म्हणून दाखवतात ते हेच. आपल्याकडचं आप्पेपात्र घरात असतंच, म्हणून पुष्कळ जण हौसेने करून बघतात, आणि पहिला घाणा चपटा, तेलकट निघाला की पीठ पातळ झालं म्हणून त्यात तांदळाची पिठी ढकलतात. कधी जमतं, कधी दगड होतात. कारण इथे पीठ सैल करणाऱ्या गोष्टी तीन आहेत: पाणी, गूळ आणि केळं. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

माझं प्रमाण असं आहे. 250 ग्रॅम कच्चा तांदूळ (उकडा नव्हे) चार तास भिजवून, पूर्ण निथळून घ्यायचा. 180 ग्रॅम गूळ अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळायचा. दोन लहान, पूर्ण पिकलेली वेलची केळी. तांदूळ गुळाच्या पाण्यातच वाटायचा, वरून पाणी नाही. वाटण बोटाला बारीक रव्यासारखं लागलं पाहिजे. गंधासारखं गुळगुळीत वाटलं तर अप्पम चिवट होतं. केळी शेवटी घालून एकदाच फिरवायची. मग वेलची, सुंठ, काळे तीळ आणि तुपात लालसर परतलेले खोबऱ्याचे बारीक तुकडे. पीठ पाच-सहा तास झाकून ठेवायचं.

इथेच पहिली चूक होते: गुळाचं पाणी गरम असतानाच तांदळात ओतणं. उष्णतेने तांदळातला स्टार्च शिजतो आणि पीठ खळीसारखं घट्ट दिसायला लागतं. आपण फसतो, वर पाणी घालतो, आणि तळताना सगळं बिनसतं. पाण्यात बोट सहज ठेवता आलं तरच ते वाटायला घ्या.

पीठ इडलीच्या पिठाएवढं दाट हवं. पळीने उचलून सोडलं की जाड पट्टीसारखं पडावं, आणि पळीच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ लगेच बुजू नये. पण गुळाचं पीठ थंड असताना दाट दिसतं आणि गरम तेलात सैल होतं, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. सगळे खळगे भरण्याआधी एकच अप्पम तळा.

ते फुगलं, कडेने सुटलं आणि काडीने सहज उलटलं, तर पीठ जमलं. चपटं, फिकट राहिलं आणि दाबल्यावर तेल सुटलं, तर पाणी जास्त आहे. दोन-तीन चमचे तांदळाची पिठी मिसळा आणि अर्धा तास थांबा. पिठी लगेच पाणी ओढत नाही; न थांबता आणखी घातली की अप्पम कडक होतं.

कडा तेलात जाळीसारख्या पसरल्या, रंग पटकन काळपट झाला आणि तळ खळग्याला चिकटला, तर गूळ जास्त आहे. अनारसा तुपात हसतो, तसाच हा प्रकार. माझ्या एका घाण्यात हेच झालं होतं. मी पिठी घालायला निघाले, तर शेजारच्या मल्याळी काकू पीठ चाखून म्हणाल्या, "पाणी नाही गं, गूळ जास्त झालाय. वाटीभर तांदूळ भिजव." तांदूळ भिजेपर्यंत पीठ फ्रिजमध्ये ठेवलं, मग तो अगदी थोड्या पाण्यात वाटून मिसळला, आणि पुढचा घाणा न फुटता निघाला. पिठी थोडीशी चालली असती, पण एवढी घातली असती तर चव कोरडी झाली असती.

बाहेरून तांबूस, आतून मात्र कितीही तळलं तरी ओलसर, हे बहुधा केळ्याचं काम. मऊपणा येईल म्हणून चार केळी घातली की आतलं पीठ लगद्यासारखं राहतं. पिठी मिसळून मंद आचेवर थोडं सावरतं, पूर्ण नाही. केळं आधीच मोजून घाला, पिकलेलं जास्त असेल तर शिकरण करा. अर्थात आच मोठी असली तरीही आत कच्चं राहतं, म्हणून आधी गॅस कमी करून आणखी एक अप्पम तळून बघा.

उलट, अप्पम वर तडकलं आणि गार झाल्यावर टणक झालं, तर पीठ घट्ट आहे. एकेक चमचा कोमट पाणी घालत जा.

पात्राबद्दल एवढंच, की आप्प्यांसारखे तेलाचे थेंब सोडून हे होत नाही. खळगा निम्मा तेलाने भरलेला हवा, शक्यतो खोबरेल, आणि पात्र बिडाचं, खोल खळग्यांचं. केरळात जुन्या घरांतून काशाचं जड पात्र असतं. तेल तापलं की आच मध्यम करा, पीठ पाऊण खळग्यापर्यंतच सोडा, आणि कडा सुटल्याशिवाय काडी लावू नका. तळून झाल्यावर चाळणीत निथळत ठेवा. दुसऱ्या दिवशी ते अधिक मऊ लागतात.