मोटार रिवायंडिंगचं दुकान गुगल मॅपवर कसं आणावं आणि त्याचे महिन्याचे पैसे कसे घ्यावेत

ऐन उन्हाळ्यात केळीच्या बागेतली सबमर्सिबल जळाली की शेतकऱ्याला दोन दिवसही जड जातात. नेहमीचा वायंडिंगवाला ‘आठवडा लागेल’ म्हणाला, की तो तिथेच उभा राहून मोबाईल काढतो. कुणी motor rewinding near me असं टाइप करतं, तर कुणी माईकचं बटण दाबून ‘मोटार भरणारे’ म्हणतं. त्या क्षणी जी दोन-तीन दुकानं समोर येतात, त्यांनाच फोन लागतो.

चोपड्यात एका नानांचं असं दुकान आहे. बावीस वर्षं जुनं, हाताला चांगलं काम, पण मॅपवर पत्ता नाही. त्यांचं दुकान मी मॅपवर कसं आणलं ते इथे क्रमाने सांगतो. तुमच्या गावात किराणा असो की ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट, वाट हीच आहे.

आधी शोधा, मग बनवा

नवीन प्रोफाइल, म्हणजे गुगलवरची दुकानाची नोंद, बनवण्याची घाई करू नका. मॅपवर दुकानाचं नाव टाकून बघा, मग नुसता मोबाईल नंबर टाकून बघा. पुष्कळदा कुणा गिऱ्हाइकाने किंवा गुगलनेच ती जागा आधी टाकलेली असते आणि तिथे Claim this business असं दिसतं. तेव्हा तीच ताब्यात घ्यायची. शेजारी दुसरी बनवली की एका दुकानाच्या दोन नोंदी होतात आणि रिव्ह्यू दोन्हीकडे वाटले जातात.

नानांच्या बाबतीत वेगळाच घोळ निघाला. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी ‘गुगलचा माणूस’ म्हणून पैसे घेऊन गेला होता आणि प्रोफाइल स्वतःच्या ईमेलवर बनवून ठेवली होती. नंबर बंद पडलेला, पिन भलतीकडेच. म्हणून मॅपच्या शोधात ती आधी सापडलीच नव्हती. अशा वेळी त्याच पानावरून मालकी मागता येते. सध्या ज्याच्या ताब्यात आहे त्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही, तर बहुधा आपल्याला व्हेरिफिकेशन करून ताबा घेण्याची वाट मोकळी होते. आम्हाला ती मिळाली.

यावरून माझा एक नियम ठरला आहे आणि तो मी मोडत नाही. प्रोफाइल दुकानदाराच्याच जीमेलवर बनवायची. त्यांचा जीमेल नसेल तर त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच नंबरवर काढून द्यायचा आणि पासवर्ड त्यांच्या वहीत लिहायचा. आपण फक्त मॅनेजर व्हायचं: Business Profile settings, त्यात People and access, तिथे आपला ईमेल टाकून Manager निवडायचं. मालक तेच राहतात. त्यांना वाटेल तेव्हा ते आपल्याला काढू शकतात. हे पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं की नानांसारखा एकदा भाजलेला माणूसही जरा सैल होतो.

नाव, प्रकार, पिन

नाव दुकानाच्या बोर्डावर आहे तेवढंच टाका. ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या एका दुकानाच्या नावापुढे मी हौसेने ‘सबमर्सिबल पंप रिपेअर चोपडा’ असं शेपूट लावलं. काही दिवस ते वर दिसलं आणि मग प्रोफाइलच सस्पेंड झाली. अपील केलं, तेव्हा पुरावे जोडायला साठ मिनिटंच मिळतात हे कळलं. बोर्डाचा फोटो, लाईट बिल, उद्यम नोंदणी हे सगळं आधी फोनमध्ये काढून ठेवलं नसेल तर त्या तासात धावपळ होते. माझी झाली.

प्रकार, म्हणजे कॅटेगरी, तयार यादीतूनच निवडावा लागतो. मुख्य प्रकार एकच असतो आणि त्याखेरीज आणखी नऊपर्यंत जोडता येतात. नानांकडे नवे पंपही विकायला असतात, पण पोट भरतं दुरुस्तीवर. म्हणून मुख्य प्रकार मोटार दुरुस्तीचा घेतला आणि पंपविक्री दुसऱ्या नंबरवर ठेवली. नऊच्या नऊ भरायचा मोह टाळा. जे काम दुकानात खरंच होतं तेवढंच टाका.

पिनकडे मात्र वेळ द्या. आपल्याकडचे पत्ते ‘पेट्रोल पंपासमोर, यावल रोड’ असे असतात. ते टाकले की मॅप पिन नेऊन गावाच्या मध्यभागी टेकवतो. सॅटेलाईट व्ह्यू लावून, पत्र्याचं छप्पर ओळखून, पिन बोटाने शटरसमोर आणा. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून रस्ता लावून बघा आणि त्या आवाजामागे खरंच मोटारसायकलवर जा. नानांच्या दुकानाचा रस्ता पहिल्यांदा मागच्या बोळातून निघाला होता. त्या बोळात ट्रॉली वळत नाही.

व्हिडिओ

व्हेरिफिकेशनसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. फोनवरच, न थांबवता, एका दमात काढायचा आणि तो किमान तीस सेकंदांचा हवा. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: दुकान कुठे आहे, दुकान खरंच चालू आहे, आणि ते चालवणारे आपणच आहोत.

नानांचा व्हिडिओ असा काढला. रस्त्यावर उभं राहून शेजारच्या दुकानांचे बोर्ड घेतले, तिथून चालत नानांच्या बोर्डापाशी आलो. नानांनी किल्लीने शटरचं कुलूप उघडलं, ते हातासकट दाखवलं. आत वायंडिंग मशीन, तांब्याच्या तारेची रिळं, खोललेले स्टेटर. शेवटी नानांनी गल्ला उघडला. माणसांचे चेहरे आणि बँकेची कागदपत्रं टाळली. पहिला प्रयत्न नापास झाला होता, कारण तो आतूनच सुरू केला होता आणि बाहेरचा रस्ता कुठेच नव्हता. निकालाला पाच कामाचे दिवस लागू शकतात. तोवर नाव-पत्ता बदलू नका.

रिव्ह्यू कुणाकडून, कसे

मोटार चालू झाल्यावर शेतकरी पैसे द्यायला येतो किंवा फोन करतो. मागायची वेळ तीच. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक मिळते, ती नानांच्या व्हॉट्सॲपमध्ये तयार ठेवली आणि क्यूआर कोड छापून गल्ल्याजवळ चिकटवला. ‘नाना, पाच स्टार द्या म्हणू नका, कसं झालं ते लिहा म्हणा,’ एवढंच सांगितलं. कुणी लिहिलं, ‘काम भारी शे.’ कुणी लिहिलं, ‘साडेसात एचपीची सबमर्सिबल दुसऱ्या दिवशी मिळाली.’ दुसरा रिव्ह्यू जास्त उपयोगाचा, कारण वाचणाऱ्याला त्यात त्याचीच अडचण दिसते.

सूट देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमात बसत नाही. घरच्या पाच जणांनी एकाच दिवशी लिहिलेलेही टिकत नाहीत. वाईट रिव्ह्यू आला तर उत्तर थोडक्यात द्या आणि बिल नंबर विचारा. भांडण तिथे नको.

पहिला नंबर कुणालाच कबूल करू नका

दुकानदार हमखास विचारतो, ‘सगळ्यात वर येईल ना?’ गुगल तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या शब्दाशी दुकानाचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचं अंतर, आणि दुकानाची ओळख किती आहे. अंतर आपल्या हातात नाही. अडावदला उभ्या असलेल्या माणसाला अडावदचंच दुकान आधी दिसणार.

म्हणूनच दुकानात बसून, स्वतःच्या फोनवर शोधून ‘बघा, पहिले आलात’ असं दाखवणं ही फसवणूक आहे. तिथे उभं राहिलं तर कुणीही पहिलं येईल. मी धानोरा आणि चहार्डीच्या ओळखीच्या लोकांना तोच शब्द शोधायला सांगून स्क्रीनशॉट मागवतो आणि कामाआधीचे व नंतरचे शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. चहार्डीला नाना दिसू लागले, धानोऱ्याला अजून खालीच आहेत. हेही सांगतो.

पैसे

प्रोफाइल फुकट असते, हे आपणच आधी सांगायचं. तिऱ्हाइताने गिऱ्हाइकाला हे सांगावं, असा गुगलचाही नियम आहे. मग आपण पैसे कशाचे घेतो? मेहनतीचे. माझा हिशोब असा: बसवून द्यायचे एकदाच १५०० रुपये आणि पुढे महिन्याला ४००. एका कागदावर कामं लिहून देतो: महिन्याला चार नवे फोटो, प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर, आखाजी-पोळ्याच्या सुट्ट्या आणि उन्हाळ्यातली वाढीव वेळ टाकणं, आणि आठवड्यातून एकदा माहिती तपासणं. शेवटचं काम फालतू वाटतं, पण Suggest an edit वापरून कुणीही वेळ, नंबर बदल सुचवू शकतो आणि तो कधीकधी लागूही होतो. एका दुकानावर भर दुपारी ‘बंद’ लिहून आलं होतं. आठवडाभर फोन का येत नाहीत हे मालकाला उमगत नव्हतं.

४०० रुपये सार्थ झाले की नाही हे कसं कळणार? प्रोफाइलच्या Performance मध्ये कॉलचं बटण किती वेळा दाबलं ते दिसतं. पण फोन उचलला का, काम मिळालं का, हे तिथे कळत नाही. म्हणून नानांना सांगितलं, नवं गिऱ्हाईक आलं की ‘कुठून कळलं?’ विचारा आणि मोबाईलवर म्हणाला तर वहीत ‘ग’ लिहा. तिसऱ्या महिन्यात बटण ३४ वेळा दाबलं गेलं होतं आणि वहीत ‘ग’ होते ९. नाना म्हणाले, सगळा खर्च जाऊन एका मोटारीमागे सातशे-आठशे सुटतात. ९ मोटारींतली एक जरी फक्त मॅपमुळे आली असली तरी महिना निघाला. कापडाच्या किंवा किराण्याच्या दुकानात हा हिशोब इतका सरळ बसत नाही. तिथे मी ४०० मागायलाही कचरतो.

वसुली हे वेगळंच काम आहे. नानांची स्वतःची निम्मी उधारी केळीच्या कटाईवर अवलंबून असते, आणि तेही मला म्हणाले, ‘कटाई झाली का एकदम देतो.’ मी मानलं नाही. साचलेले २४०० मागणं अवघड, हातातले ४०० देणं सोपं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोटो काढायला जातो, वहीतले ‘ग’ मोजतो आणि तिथेच पैसे घेतो.

एका गावात एका धंद्याचं एकच दुकान घेतो. दोन वायंडिंगवाल्यांना एकाच शब्दावर वर आणायचे पैसे दोघांकडून कसे घेणार?

दोन महिने पैसे आले नाहीत तर काम थांबवतो आणि People and access मधून स्वतःचं नाव स्वतःच काढून घेतो. प्रोफाइल, फोटो, रिव्ह्यू सगळं दुकानाकडेच राहतं. पासवर्ड त्यांच्या वहीत असतोच.